शके १७१४ च्या बाजारात टोमॅटो

चित्र देखणं होतं, म्हणून टोमॅटो आधी दिसलेच नाहीत. मुलांच्या एका पुस्तकासाठी पेशवेकाळातल्या पुण्याचा बाजार हवा होता. मजकूर माझा आणि चित्रं एका चित्रकार मित्राची. मी त्याला दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या: ‘पेशवेकाळातला पुण्याचा बाजार. सकाळची वेळ, भरपूर गर्दी, भाजीवाल्या, तराजू, बैलगाडी, मागे वाडे. आधुनिक काहीही नको.’ आठवड्याने चित्र आलं आणि आम्ही दोघंही खूश झालो. ऊन छान, लुगड्यांचे रंग छान, मध्यभागी पगडीतला एक गृहस्थ भाव करतोय. तिसऱ्यांदा पाहताना त्याच्या पायाशी टोपलीत रचलेले लालबुंद टोमॅटो दिसले. मग एकेक दिसायला लागलं. कोपऱ्यात चार चाकांची हातगाडी होती. भाजीवालीच्या हातात कागदाची शंकूच्या आकाराची पुडी होती. वाड्याच्या छपरावर मंगळुरी कौलं होती आणि मागे गुलमोहर फुललेला होता.

मी फोन केला तेव्हा तो जरा रागावूनच म्हणाला, “अरे, तू म्हणालास आधुनिक नको. मी मोटार काढली नाही, विजेचे खांब काढले नाहीत, घड्याळ काढलं नाही. हातगाडी आधुनिक कधीपासून झाली?”

त्याचं बरोबर होतं. चूक माझ्या दोन ओळींची होती.

‘आधुनिक नको’ म्हटलं की चित्र काढणारा आपल्या डोक्यातली आधुनिक वस्तूंची यादी काढतो आणि ती गाळतो. त्या यादीत मोबाईल, मोटार, प्लास्टिकची पिशवी येते. आजीच्या काळापासून घरात असलेली वस्तू त्या यादीत कधीच येत नाही, कारण ती त्याला ‘जुनी’ वाटते. कंदील जुना, लोखंडी पत्रा जुना, हातगाडी जुनी, चहाची किटली तर फारच जुनी. पण आजी जुनी म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची, आणि आपल्याला हवेत सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे दिवस. मधल्या सव्वाशे वर्षांत आलेली प्रत्येक वस्तू बिनबोभाट चित्रात शिरते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. चित्रात मोकळी जागा राहत नाही. लिहिणारा भाजीवालीच्या हातात काय आहे ते सांगायला विसरला तरी तिला हात असतातच आणि त्या हातात काहीतरी द्यावंच लागतं. मग चित्रकार आज सकाळी मंडईत जे पाहून आला तेच देतो. म्हणजे आधुनिक वस्तू येते ती आपण सांगितलेल्या जागी नव्हे, न सांगितलेल्या जागी. ती थोपवायची तर ‘हे नको, ते नको’ अशी यादी वाढवून भागत नाही. त्या जागेवर त्या काळातलं काहीतरी आधीच नेऊन बसवावं लागतं. बैठकीत सतरंजीवर उपरणं टाकून जागा धरून ठेवतात, तसंच.

म्हणून आम्ही सगळं पहिल्यापासून करायचं ठरवलं.

पहिला प्रश्न काळाचा होता. ‘पेशवेकाळ’ हा शब्द चित्रासाठी निरुपयोगी आहे. बाळाजी विश्वनाथाला पेशवाई मिळाली १७१३ मध्ये आणि बाजीराव दुसऱ्याची गेली १८१८ मध्ये. या एकशेपाच वर्षांत पुणं एका कसब्यापासून पेठांच्या शहरापर्यंत वाढलं. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची, तुळशीबागेचं मंदिर १७६१ नंतरचं, विश्रामबागवाडा तर एकोणिसाव्या शतकातला. ‘पेशवेकाळ’ म्हटलं की हे तिन्ही एका चौकटीत येऊन बसतात. शिवाय ‘ऐतिहासिक’, ‘जुन्या काळचा’ असल्या शब्दांनी डोळ्यांसमोर इतिहास येत नाही, ऐतिहासिक सिनेमे येतात. एकसारख्या भगव्या पताका, सगळ्यांच्या कमरेला तलवारी, प्रत्येक बाईच्या नाकात नथ.

मी साल धरलं १७९२, म्हणजे शके १७१४, महिना मार्गशीर्ष. सवाई माधवराव पेशवा होते, कारभार नाना फडणविसांकडे होता. आदल्याच वर्षी घाशीराम कोतवालाला लोकांनी दगडांनी ठेचून मारलं होतं. हे साल धरण्यामागे एक स्वार्थही होता. त्या सुमारास जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता आणि त्याच्या हाताखाली शिकलेला गंगाराम तांबट नावाचा पुण्याचा माणूस लेणी, माणसं आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातली जनावरं कागदावर उतरवत होता. त्या काळी पुण्यात बसून, समोर पाहून काढलेली चित्रं आपल्याकडे थोडी, पण आहेत.

जुन्या पुण्याची छायाचित्रं मात्र मी चित्रकाराला मुद्दाम दिली नाहीत. छायाचित्रणाची कलाच १८३९ मध्ये जगापुढे आली आणि मुंबईत तिची मंडळी जमली १८५० नंतर. म्हणजे पुण्याचं कितीही जुनं छायाचित्र घेतलं तरी ते आपल्या बाजारानंतर साठ-सत्तर वर्षांनी काढलेलं असणार. १८५८ मध्ये पुण्याला आगगाडी आली होती आणि तिच्यातून जे जे उतरलं ते त्या छायाचित्रांत आहे. ती पिवळी पडलेली असतात म्हणून आपण फसतो.

दुसरा प्रश्न वस्तूंचा. इथे एक साधा नियम आम्हाला फार उपयोगी पडला: वस्तूचा जन्म बघायचा, मरण बघायचं नाही. जुनी वस्तू पुढच्या काळात रेंगाळते, पण नवी वस्तू मागच्या काळात जाऊ शकत नाही. तांब्याची शिवराई शिवाजी महाराजांपासून चालत आली आणि पेशवाई बुडाल्यावरही कितीतरी वर्षं खेड्यापाड्यांत चालत राहिली. ती १७९२ च्या चित्रात खुशाल दाखवा. पण राजाचा मुखडा असलेला कंपनी सरकारचा रुपया १८३५ चा. कुणाच्या तळहातावर गोल, गुळगुळीत, मुखडा असलेलं नाणं दिसलं की चित्र तिथेच फुटलं. १७९२ चं नाणं जाड, कडेला वेडंवाकडं, आणि ठसा नाण्यापेक्षा मोठा म्हणून अक्षरं अर्धी कापलेली. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ असतं म्हणतात खरं, पण हातातल्या नाण्यावर त्यातलं एखादं अक्षर धड दिसलं तरी खूप.

या नियमाने टोमॅटो गेला. तो अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर आला असला तरी आपल्या बाजारात ढीग लावून विकला जायला एकोणिसावं शतक सरत यावं लागलं. फ्लॉवर गेला, तो इंग्रजांनी १८२२ च्या सुमारास बी आणून लावला. बटाट्याचा ढीग गेला. पोर्तुगीज किनाऱ्यावर तो असला तरी देशावरच्या मंडईत त्याची रास इंग्रजांच्या काळातली. नारिंगी गाजर गेलं आणि त्याच्या जागी आपलं काळपट लाल आलं.

मिरचीवर मात्र आमचा वाद झाला. एकदा शुद्धीकरणाचा झटका आला की हात थांबत नाही. चित्रकार म्हणाला, “मिरचीही अमेरिकेचीच ना? काढून टाकतो.” मी म्हटलं, “थांब.” मिरचीही त्याच जहाजांतून आली, पण आली ती सोळाव्या शतकात, आणि पसरली झपाट्याने. १७९२ पर्यंत ती घराघरात होती. झेंडूचं तेच, सीताफळाचं आणि पेरूचं तेच. कोण कुठून आलं याला महत्त्व नाही, कधी रुळलं याला आहे. मिरचीशिवायचा मराठी बाजार हीसुद्धा चूकच झाली असती, आणि ती कुणाच्या लक्षातही आली नसती.

गुलमोहर गेला. तो मादागास्करचा, आणि आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आला. बोगनवेल त्याहून उशिराची. त्यांच्या जागी चिंच आणि पिंपळ आले. तसंही मार्गशीर्षात गुलमोहर कुठला फुलायला! महिना आधी ठरवण्याचा हा फायदा आहे. अर्ध्या चुका ऋतूच पकडून देतो.

मंगळुरी कौलं गेली. चपटी, एकात एक अडकणारी ती कौलं बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला १८६५ मध्ये कारखाना काढून भाजायला सुरुवात केली. त्याआधी आपल्याकडे कुंभाराने चाकावर घडवलेली अर्धगोल नळीची कौलं होती. ती एकमेकांवर नुसती रचलेली असत, त्यामुळे छपराची ओळ सरळ येत नसे. माकडं आणि मांजरं ती दर पावसाळ्याआधी विस्कटून ठेवत आणि घरोघर ती शाकारावी लागत. गरिबाच्या छपरावर कौल नाही, गवत.

हातगाडी गेली, आणि तिच्याबरोबर बैलगाडीही मागे सरकली. याचं चित्रकाराला फार वाईट वाटलं, कारण बैलगाडी त्याला सुरेख जमते. पण घाटावरचा त्या काळचा मालवाहू म्हणजे पाठाळावर गोणी घातलेला वंजाऱ्याचा बैल. कोकणातून मीठ वर येई, देशावरचं धान्य खाली जाई, ते बैलांच्या पाठीवरून. बोरघाटातून चाकाचा चांगला रस्ता इंग्रजांनी केला. आज आपण जिला जुन्या काळची बैलगाडी म्हणतो, ती आऱ्यांच्या चाकांची, लोखंडी धावेची हलकी गाडी देशावर पसरली ती पेशवाईनंतर. त्याआधीच्या गाड्या होत्या, पण अवजड, भरीव चाकांच्या आणि थोड्या. पेठेच्या अरुंद रस्त्यात तशी गाडी घालण्यापेक्षा गळ्यात घंटा बांधलेले चार बैल ओळीने चाललेले दाखवले, तर जागाही भरते आणि खरंही होतं.

कागदाच्या पुडीचा मला विशेष राग आला होता, कारण ती मीही चित्रात पाहून सहज स्वीकारली होती. पुडी बांधायची तर रद्दी पाहिजे. रद्दीला वर्तमानपत्र पाहिजे. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’, ते १८३२ चं. कागद होता, हातकागद होता, पण तो कारकुनाच्या दप्तरात. दोन दमड्यांच्या हळदीला कोण कागद देणार? पुडी पळसाच्या पानाची, केळीच्या सोपटाने बांधलेली. भाजी लुगड्याच्या ओच्यात किंवा घरून आणलेल्या टोपलीत. धान्य उपरण्याच्या टोकाला गाठ मारून.

वस्तूंच्या पुढे एक पायरी आहे, आणि चांगली चित्रंही तिथे अडखळतात. वस्तू बरोबर असते, पण तिचं वागणं आजचं असतं.

तराजूच घ्या. तराजू फार प्राचीन, त्यामुळे भाजीवालीच्या हातात तो दिला की कुणी हरकत घेत नाही. पण ती पालेभाजी तोलेल कशाला? ती वाटे घालते. समोरच्या फडक्यावर वांग्यांचे सारखे दिसणारे पाच-सहा वाटे मांडलेले असतात आणि घासाघीस वाट्यावर एखादं वांगं जास्त घालण्यासाठी चाललेली असते. धान्य तोललं जात नाही, मापलं जातं. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, आणि भांडण असतं ते माप शिगोशीग भरलं की हाताने सपाट केलं यावर. मग तागडी कुणाकडे? गूळ, मसाला, कापूस विकणाऱ्या वाण्याकडे, आणि नाजूक काटा सोन्यारुप्याच्या सराफाकडे. वाण्याची तागडी म्हणजे हातात धरलेली दांडी, दोऱ्यांनी लोंबणारी दोन पारडी. वजनं दगडाची किंवा ओबडधोबड लोखंडाची. आकडा कोरलेली काळी षटकोनी वजनं दिसली तर ती १९५८ नंतर आलेल्या किलोग्रॅमची.

सराफ तर चित्राच्या दर्शनी भागात हवाच, आणि पहिल्या चित्रात तो नव्हताच. त्या वेळी पुण्याच्या बाजारात एकच एक रुपया चालत नव्हता. अंकुशाचं चिन्ह असलेला पुण्याचा अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, असे वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये फिरत आणि एकातून दुसऱ्यात जाताना बट्टा कापला जाई. बाजारात शिरलेला परगावचा माणूस आधी सराफाच्या ओट्यापाशी थांबणार. सराफ रुपया दगडावर वाजवून आवाज ऐकतो. त्याच्यासमोर कवड्यांचीही रास आहे, कारण मिठासारख्या किरकोळ खरेदीला पैसासुद्धा मोठा. असा एक सराफ काढला की काळ दाखवण्यासाठी वेगळी पताका लागत नाही.

दुकान हा शब्दही असाच फसवा. ‘दुकान’ लिहिलं की समोर फळी येते, पलीकडे दुकानदार उभा राहतो, वर पाटी लागते. १७९२ चा दुकानदार बसलेला असतो. रस्त्यापासून हातभर उंच ओटा, त्यावर गादी किंवा घोंगडी, मागे अंधारी खोली, आणि रात्री बंद करायला एकेक सरकवून बसवायच्या फळ्या, ज्या दिवसा भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात. पाटी नाही. कुणाचं दुकान कुठलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्याला माहीत नाही त्याला बहुधा वाचताही येत नाही. अक्षर दाखवायचंच असेल तर वाण्याच्या मांडीवरच्या वहीत दाखवावं. तेही देवनागरी नाही, मोडी, बोरूने ओढलेलं, शब्द न तोडता सलग.

माणसांच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो. एक, रस्त्यावर पुरुष बोडका नसतो. पागोटं, पगडी, मुंडासं, निदान डोक्याला गुंडाळलेलं फडकं हवंच. पहिल्या चित्रात मागच्या गर्दीत सात-आठ बोडकी, भांग पाडलेली डोकी होती. ती बारकी असल्यामुळे दिसत नव्हती, पण सगळी गर्दी कुठल्यातरी कॉलेजातून सुटल्यासारखी वाटत होती ती त्यांच्यामुळेच. दुसरी गोष्ट बायकांच्या कपाळाची. गोल, कडा रेखीव, चकचकीत टिकली ही चिकटवायची टिकली. मेणावर बोटाने लावलेल्या कुंकवाची कड उन्हात थोडी विरघळते. तेवढा फरक केला की चेहरा बदलतो. चोळीला बटण किंवा हूक नसतं, पुढे गाठ असते.

रंगांचं आम्हाला सर्वांत शेवटी सुचलं. पहिल्या चित्रात एका लुगड्याचा रंग झगझगीत जांभळट गुलाबी होता, दुकानात ज्याला राणी कलर म्हणतात तो. विल्यम पर्किन या इंग्रज पोराने डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग केला १८५६ मध्ये, आणि त्याच्या पाठोपाठ हे सगळे भडक रंग आले. १७९२ चा रंगारी मंजिष्ठेचा तांबडा, निळीचा निळा, हळदीचा पिवळा, लाखेचा किरमिजी आणि करडईच्या फुलांचा केशरी-गुलाबी, म्हणजे कुसुंबी, एवढ्यावर काम करत होता. म्हणून जुना बाजार फिका होता असं मात्र नाही. नवं कुसुंबी पागोटं चांगलंच झळकतं. पण ते धुतलं की उतरतं, आणि बाजारातले बहुतेक कपडे अनेकदा धुतलेले असतात. चित्रकाराने एकाच तांबड्याच्या पाच छटा लावल्या, नव्यापासून विटलेल्यापर्यंत. मला वाटतं, काळाचा खरा वास चित्राला तिथे आला.

आणि सारखेपणा! याचं श्रेय चित्रकाराला. तो स्वतःच म्हणाला, “माझ्या सगळ्या टोपल्या सारख्या आहेत रे. एक काढली आणि बाकीच्या तिच्यावरून काढल्या.” एकाच मापाच्या बारा टोपल्या, एकाच उंचीचे सहा हंडे, सरळ रेषेत गेलेली भिंतीची कड, हे सगळं यंत्राचं लक्षण. वस्तू प्रत्येक बरोबर आणि तरी ढीग आधुनिक. बुरुडाच्या दोन पाट्या जुळ्या नसतात. तांबटाने ठोकलेल्या हंड्यावर हातोडीचे ठोके दिसतात, तोंड जरासं तिरकं असतं, आणि वापरात असेल तर बूड काळं असतं. त्याने चार दिवस फक्त टोपल्या बिघडवल्या.

शेवटी मी त्याला जे लिहून दिलं ते असं होतं:

‘पुणे, बुधवार पेठ. शके १७१४, मार्गशीर्ष, सूर्य उगवून दोन घटका झालेल्या. थंडी आहे, सावल्या लांब. रस्ता मातीचा, मध्ये शेण आणि उसाची चिपाडं, दगडी फरशी नाही. डाव्या हाताला सराफाचा ओटा: तो मांडी घालून बसलाय, कानाजवळ रुपया धरून दगडावर वाजवतोय, समोर कवड्यांची रास आणि जाड तांब्याचे पैसे. त्याच्यापुढे घोंगडी पांघरलेला, अनवाणी, परगावचा माणूस, संशयाने बघत. पुढे रस्त्याच्या कडेला फडकं पसरून माळीण बसलीय, विटक्या मंजिष्ठी रंगाचं लुगडं, कासोटा, पुढे गाठ मारलेली चोळी. तिच्यासमोर वांग्यांचे, पावट्याच्या शेंगांचे आणि मुळ्याचे वाटे, शेजारी हिरव्या मिरच्या सुपात. घेणारीने ओचा पुढे केलाय आणि माळीण त्यात शेंगा टाकतेय, दुसऱ्या हाताने एक वांगं परत काढून घेतेय. उजव्या हाताला वाण्याचा ओटा, बंद करायच्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या. गुळाची ढेप, तिच्यावर माश्या, दोरीची तागडी, लाकडी पायली. पोरगा पळसाच्या पानात हळद बांधतोय. रस्त्याच्या मधून वंजाऱ्याचे चार बैल, पाठीवर मिठाच्या गोणी, एका बैलाचं तोंड माळिणीच्या मुळ्याकडे वळलेलं. मागे वाड्याची उंच भिंत, खाली दगड, वर विटा, खिडक्या लहान. शेजारच्या घरांवर नळीची कौलं, काही सरकलेली. भिंतीपलीकडून पिंपळ. भिंतीतल्या कोनाड्यात रात्रीची विझलेली पणती, तेलाने काळवंडलेली. कुणीही चित्र बघणाऱ्याकडे बघत नाही. पुरुष एकही बोडका नाही.’

यात ‘नको’ फारच थोडे आहेत. पणतीचंच बघा. मी ‘कंदील नको’ म्हणालो असतो तर भिंतीवर कंदिलाची खुंटी आली असती, म्हणून कोनाड्यात पणतीच ठेवून दिली. काडेपेटीही अशीच टळली. ती १८२७ नंतरची आहे हे सांगण्याऐवजी वाण्याच्या मागे बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातात नंतर चकमक आणि कापसाचा बोळा दिला आणि त्याची चिलीम पेटवली. चहाचं म्हणाल तर प्रश्नच आला नाही. थंडीत माणसाचे हात कुठेतरी गुंतवावे लागतात, ते घोंगडीच्या आत गेले.

असं लिहिण्याला एक मर्यादा आहे आणि ती मला जाचत राहिली. जे कागदावर राहिलं तेच लिहिता येतं. गोविंद सखाराम सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून निवडून पंचेचाळीस खंड छापले आणि दफ्तरात त्याच्या कितीतरी पट अजून मोडीत पडून आहे. त्यात जकात आहे, धान्याचे निरख आहेत, दंड आहेत. माळिणीच्या फडक्याचा रंग कुठल्या कारकुनाने लिहून ठेवायचा? तिथे आम्ही अंदाज केला. अंदाज करताना मात्र जन्माचा नियम सोडला नाही. फडकं हातमागाचं, जाडंभरडं, रंग न दिलेलं.

दुसरं चित्र आलं तेव्हा मी ते पालथं घातल्यासारखं तपासलं. आधी मधला भाग न बघता कडा पाहिल्या, कारण मधल्या भागावर दोघांचंही लक्ष असतं. मग सगळ्यांचे हात, मग पाय, मग छपरं, मग जमीन. हातांत ठीक होतं. पायांत एकाच्या पट्ट्यांची सँडल निघाली, ती त्याने तिथल्या तिथे अनवाणी केली. छपरं छान होती.

जमिनीपाशी अडलो. वाड्याच्या भिंतीच्या पायथ्याला, दगडाच्या फटीतून, त्याने हिरवं रोप काढलं होतं, कातरलेली पानं आणि वर पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे. इतकं हुबेहूब की मला घराच्या मागची भिंत आठवली.

“हे काय आहे?”

“तण रे. भिंतीला तण नको का? तूच म्हणालास, जागा मोकळी सोडू नकोस.”

“कुठून काढलंस?”

“खिडकीतून दिसतं ते.”

ते काँग्रेस गवत होतं. ते आपल्याकडे पहिल्यांदा लक्षात आलं १९५५ च्या सुमारास, आणि तेही पुण्यातच. त्याने ते खरवडलं आणि तिथे रुईचं झाड काढलं, धुळीने माखलेलं, एक फांदी बैलाने तुडवलेली.